काळे कोपरे पांढरे केल्याने प्रश्न सुटत नाही

‘कोपऱ्यात काळे दिसतेय ना? पेंटमध्ये उघडा, बादलीने पांढरा रंग ओता, झाले काम.’ विंडोजवरचे स्क्रीनशॉट घेऊन पुस्तिका, प्रशिक्षणाच्या नोट्स किंवा लेख तयार करणाऱ्या प्रत्येकाला हा सल्ला कधी ना कधी मिळालेला असतो. सल्ला देणारा बहुधा कार्यालयातला जुना, हाताला सवय असलेला माणूस असतो, त्यामुळे त्याच्याशी कोणी वाद घालत नाही. त्याच्याच तोंडी आणखी तीन ठरलेली वाक्ये असतात. ‘हा विंडोज ११ मधला दोष आहे, अपडेट आले की जाईल.’ ‘विंडो पूर्ण पडदाभर करा, कोपरे आपोआप चौकोनी होतात.’ आणि सगळे संपल्यावर, ‘एवढ्याशा ठिपक्यांकडे बघतो कोण?’ यातले पडदाभर करण्याचे वाक्य अर्धे खरे आहे. बाकीची तीन मला मान्य नाहीत, आणि सर्वांत अमान्य आहे ती बादली.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते खरे असेल तर पुढचे काही वाचायची गरजच नाही. समजा नोटपॅडची विंडो १००० पिक्सेल रुंद आणि ६४० उंच आहे, आणि लॅपटॉपवर डिस्प्ले स्केल १२५ टक्के आहे. विंडोज ११ मध्ये साध्या विंडोच्या कोपऱ्याची त्रिज्या १०० टक्के स्केलवर ८ पिक्सेल असते, म्हणजे इथे ती १० होते. चौकोनी कोपऱ्यातून गोलाई वजा केली की प्रत्येक कोपऱ्यात साधारण २१ पिक्सेल उरतात, चारही मिळून ८६. चित्रात पिक्सेल आहेत ६ लाख ४० हजार. हिशेब बघितला तर ‘बघतो कोण’ म्हणणारा जिंकला असे वाटेल. पण हेच चित्र कागदावर १२ सेंटिमीटर रुंद छापले की तो १० पिक्सेलांचा कोपरा १.२ मिलिमीटरचा होतो. पांढरा कागद, फिकट करड्या रंगाची विंडो आणि तिच्या चारही टोकांना मिलिमीटरभराचे काळे त्रिकोण, हे चष्मा न लावताही दिसते. साठ चित्रांच्या पुस्तिकेत असे २४० कोपरे असतात. आणि काही चित्रांत काळे, काही चित्रांत पांढरे, तर काहींत मागच्या वॉलपेपरचा निळसर तुकडा असेल, तर वाचणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काम घाईत उरकलेले आहे एवढे कळते.

आता दोषाबद्दल. गोल कोपरे विंडोजमध्ये पहिल्यांदाच आलेले नाहीत. २००१ च्या एक्सपीमध्ये विंडोचे वरचे कोपरे गोल होते, व्हिस्टा आणि सेव्हनमध्येही गोलाई होती, आणि तेव्हाचे स्क्रीनशॉट घेणारेही याच त्रासातून गेले आहेत. २०१२ मध्ये विंडोज ८ ने कोपरे चौकोनी केले, टेनने ते तसेच ठेवले, आणि त्या नऊ वर्षांत आपल्याला विसर पडला. ५ ऑक्टोबर २०२१ ला विंडोज ११ आले तेव्हा गोलाई परतली आणि तिच्याबरोबर जुना प्रश्नही. दोष म्हणावे असे यात काही नाही. चित्राची फाइल नेहमी चौकोनीच असते. तिला लांबी-रुंदी असते, गोलाई नसते. चौकोनी डब्यात गोल भाकरी ठेवली की कोपरे रिकामे राहणारच. प्रश्न एवढाच, की त्या रिकाम्या जागेत कोणता रंग भरायचा हे कोणी ठरवले. ते आपण ठरवले नाही तर वाटेतला कोणता तरी प्रोग्राम ठरवतो. कोणतेही अपडेट ही गोष्ट बदलणार नाही.

ती जागा कशी भरली जाते, हे समजायला थोडे आत जावे लागते. नोटपॅड किंवा एक्सेल आपले कोपरे स्वतः गोल करत नाहीत. ते आपला मजकूर सरळ चौकोनात रंगवतात. पडद्यावर सगळ्या विंडो एकमेकींवर रचण्याचे काम डेस्कटॉप विंडो मॅनेजर नावाचा विंडोजचा भाग करतो, टास्क मॅनेजरमध्ये तो dwm.exe या नावाने दिसतो. कोपरे कापणे, कडेला बारीक रेष देणे आणि बाहेर सावली पाडणे ही त्याची कामे. म्हणजे स्क्रीनशॉट घेणारे हत्यार दोन पद्धतींनी काम करू शकते. एक, पडद्यावर जे रचून झाले आहे त्यातून विंडोएवढा चौकोन उचलायचा. अशा वेळी कोपऱ्यात मागचे जे काही असेल ते येते. मागे वर्डचे कोरे पान असेल तर पांढरे, काळा वॉलपेपर असेल तर काळे. दोन, मागचे सगळे वगळून फक्त त्या विंडोचे चित्र मागायचे. अशा वेळी कापलेल्या कोपऱ्यात पारदर्शक पिक्सेल मिळतात, ज्यांचे लाल, हिरवे, निळे आणि पारदर्शकतेचे असे चारही आकडे शून्य असतात. पुढच्या कोणत्या तरी टप्प्याने चौथा आकडा फेकून दिला, की उरतात तीन शून्ये, आणि तीन शून्ये म्हणजे शुद्ध काळा. ‘काळे ठिपके कुठून आले’ याचे उत्तर इतके साधे आहे. ते कोणी काढलेले नसतात, पारदर्शकतेची माहिती गळून पडल्यावर उरलेले असतात.

म्हणून माझा आग्रह असा, की उपायाला हात घालण्याआधी आपला ठिपका कोणत्या जातीचा आहे हे बघा. त्यासाठी पेंटचा एकच चांगला उपयोग आहे. पेंटचे पान लालभडक रंगाने भरा, ती विंडो पडदाभर करा, आणि जिचा स्क्रीनशॉट हवा ती विंडो तिच्यावर ठेवा. नेहमीच्याच हत्याराने, नेहमीच्याच पद्धतीने चित्र घ्या आणि आठपट मोठे करून कोपरा बघा. लाल दिसला, बहुधा सावलीमुळे जरा मळलेला लाल, तर तुमचे हत्यार पडद्यावरून चौकोन उचलते. मागे लाल असूनही कोपरा काळा आला, तर पारदर्शकता वाटेत गळली आहे. पांढरा आला, तर कोणत्या तरी प्रोग्रामने ते चित्र पांढऱ्यावर ठेवून सपाट केले आहे. एक चौथी शक्यताही असते: फाइल एका प्रोग्राममध्ये काळे कोपरे दाखवते, दुसऱ्यात पांढरे. तेव्हा ठिपका फाइलमध्ये नाहीच. तिथे पारदर्शकता शाबूत आहे, आणि जो तो दर्शक आपापल्या पार्श्वभूमीचा रंग मागून दाखवतो आहे. अशा निर्दोष फाइलमध्ये बादलीने पांढरा रंग ओतणारे मी पाहिले आहेत. जे चित्र कोणत्याही पानावर नीट बसले असते ते त्यांनी एका पानापुरते करून ठेवले.

बादलीवर माझा राग आहे तो इथून पुढे. पहिली अडचण कडेच्या पिक्सेलांची. गोल कड चौकोनी पिक्सेलांत गुळगुळीत दिसावी म्हणून कडेवरचे पिक्सेल अर्धवट रंगाचे केलेले असतात. विंडोचा रंग २४३ असेल आणि मागे काळे असेल, तर निम्मा झाकलेला पिक्सेल १२१ च्या आसपासचा करडा होतो. बादली आतला शुद्ध काळा पांढरा करते, पण हे मधले करडे पिक्सेल तसेच राहतात, आणि काळ्या त्रिकोणाच्या जागी एक घाणेरडी कमान उरते. दुसरी अडचण पांढऱ्याचीच आहे. कोपरा पांढरा केलेले चित्र पांढऱ्या कागदावर ठीक दिसते. तेच चित्र वेबसाइटवर गेले आणि वाचणाऱ्याने गडद थीम लावलेली असेल, तर काळ्या पानावर चार पांढरे दात दिसतात. सादरीकरणाच्या निळ्या स्लाइडवरही तेच. ज्याने काळे काढले त्याने प्रश्न सोडवलेला नसतो, रंग बदलून पुढच्याकडे ढकललेला असतो.

पारदर्शकता गळते कुठे, हेही पाहण्यासारखे आहे, कारण दोनच जागा सांभाळल्या तरी बहुतेक काम होते. पहिली जागा क्लिपबोर्ड. एक प्रोग्राम चित्र कॉपी करतो तेव्हा तो ते अनेक रूपांत ठेवू शकतो, आणि पेस्ट करणारा त्यातले आपल्याला समजणारे रूप उचलतो. जुन्या बिटमॅप रूपात पारदर्शकतेची खात्रीची जागा नाही, त्यामुळे बरेच प्रोग्राम तो चौथा आकडा वाचतच नाहीत. एकच स्क्रीनशॉट दोन ठिकाणी पेस्ट केल्यावर कोपरे वेगळे दिसतात ते यामुळे. उपाय म्हणजे कॉपी-पेस्टचा मोह सोडून हत्यारातूनच थेट पीएनजी फाइल साठवणे आणि ती फाइल वर्डमध्ये इन्सर्ट करणे. दुसरी जागा जेपीजी. जेपीजीमध्ये पारदर्शकता ठेवताच येत नाही, त्यामुळे साठवताना कोपरे कोणत्या तरी रंगाने भरलेच जातात. आपल्याकडे याचा सर्वांत मोठा कारखाना व्हॉट्सॲप आहे. तालुक्याच्या कार्यालयातून एखादा माणूस स्वच्छ पीएनजी काढतो, फोटो म्हणून पाठवतो, आणि पुस्तिका जुळवणाऱ्याच्या हाती जेपीजी पडते. फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर फाइल जशीच्या तशी पोचते. जेपीजीच द्यायची सक्ती असेल, तर भरायचा रंग निदान आपण ठरवावा. इमेजमॅजिक हा मोफत प्रोग्राम असेल तर एक ओळ पुरते:

```
magick in.png -background white -flatten out.jpg
```

इथेही रंग पांढराच आहे, मग बादलीने काय बिघडले होते, असे कोणी विचारील. फरक असा की इथे मूळ पीएनजी हातात राहते, आणि कडेचे अर्धवट पिक्सेल पारदर्शकतेच्या प्रमाणात पांढऱ्यात मिसळले जातात. करडी कमान उरत नाही. उद्या निळ्या स्लाइडसाठी हवे असेल तर white च्या जागी निळा रंग लिहायचा.

आता छाटणीकडे येतो. छाटणीला माझा विरोध नाही. छापील पुस्तिकेसाठी मी तीच पसंत करतो. माझा विरोध आहे तो अंदाजाने छाटण्याला. बादलीवाले थकले की छाटणीकडे वळतात, आणि मग माउसने चौकट ओढून कुठे दहा, कुठे पंधरा पिक्सेल उडवतात. त्यात कधी शीर्षकपट्टीतले चिन्ह अर्धे जाते, कधी खालच्या पट्टीतला मजकूर. कारण सगळ्यांची समजूत अशी, की त्रिज्या ८ असेल तर आठ पिक्सेल कापावेच लागतील. एकाच बाजूने कापायचे असेल तर हे खरे आहे. चारही बाजूंनी सारखे कापले तर गरज फार कमी असते. नव्या चौकटीचे टोक गोलाईच्या आत आले की पुरे, आणि ते कर्णाच्या दिशेने आत सरकत असल्याने लवकर आत येते. भूमितीने हे अंतर त्रिज्येच्या ०.२९३ पट निघते. त्रिज्या ८ असताना २.३, १० असताना २.९, १५० टक्के स्केलवर १२ असताना ३.५. वरच्या पूर्ण आकड्यावर न्या आणि कडेच्या बारीक रेषेसाठी एक पिक्सेल जास्त धरा. म्हणजे १०० आणि १२५ टक्के स्केलला चार, १५० ला पाच, २०० टक्क्यांना सहा.

आपल्या १००० बाय ६४० च्या नोटपॅडवर हे करून बघू. चार पिक्सेल चारही बाजूंनी गेले की ९९२ बाय ६३२ चे चित्र उरते. विंडो बंद करण्याची फुली उजव्या टोकापासून बरीच आत असते, तिला धक्का लागत नाही. खालच्या पट्टीतली अक्षरेही सुखरूप. विंडोची मूळ कड मात्र गेलेली असते आणि पांढऱ्या कागदावर पांढरी विंडो विरघळल्यासारखी दिसते, म्हणून एक पिक्सेलची करडी रेष परत द्यावी:

```
magick in.png -shave 4x4 -bordercolor "#b0b0b0" -border 1 out.png
```

या पद्धतीचा खरा फायदा असा, की ठिपका कोणत्या जातीचा होता याने काही फरक पडत नाही. काळा असो, पांढरा असो, वॉलपेपरचा असो, तो निघून जातो, आणि साठच्या साठ चित्रे सारखी होतात. मर्यादा दोन. सगळी चित्रे एकाच स्केलच्या पडद्यावर घेतलेली असावीत. लॅपटॉपची १५० टक्क्यांची आणि बाहेरच्या मॉनिटरची १०० टक्क्यांची मिसळली तर सगळ्यांना पाच लावा. आणि छाटणी चित्र लहान-मोठे करण्याच्या आधी व्हायला हवी. निम्म्या आकारात आणलेल्या चित्रावर चारचा हिशेब लागू होत नाही, शिवाय लहान करताना काळा रंग शेजारच्या पिक्सेलांत पसरलेला असतो. हत्याराने विंडोबरोबर सावलीही टिपली असेल तर ती सावली आधी वेगळी कापावी लागते, कारण मग चित्राची कड आणि विंडोची कड एक नसते.

पडदाभर करण्याचा सल्ला अर्धा खरा आहे असे वर म्हटले. मॅक्झिमाइझ केलेल्या विंडोचे कोपरे विंडोज ११ गोल करत नाही, हे बरोबर. पण १९२० पिक्सेल रुंदीचे चित्र १२ सेंटिमीटरच्या रकान्यात बसवले की मेनूतली अक्षरे मुंगीएवढी होतात, आणि मधे रिकामे मैदान दिसते. कोपरे सुटले, चित्र वाचेनासे झाले. सल्ला देणाऱ्यांना पुढची गोष्ट माहीत असती तर बरे झाले असते: पडद्याच्या कडेला चिकटवलेल्या, म्हणजे स्नॅप केलेल्या विंडोचेही कोपरे चौकोनीच राहतात. Win आणि डावा बाण दाबला की विंडो अर्ध्या पडद्यावर बसते, लगेच Win आणि वरचा बाण दाबला की पाव पडद्यावर. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर १०० टक्के स्केलला टास्कबारचे ४८ पिक्सेल वजा जाऊन ही पाव विंडो साधारण ९६० बाय ५१६ ची होते. पुस्तिकेच्या रकान्याला हे माप चांगले आहे, आणि प्रत्येक चित्र त्याच मापाचे येते. लहान डायलॉग बॉक्सचे माप बदलता येत नाही, त्यांना हे लागू नाही. त्यांच्यासाठी छाटणीच. व्हर्च्युअल मशीनमध्ये चालणाऱ्या विंडोजमध्येही बऱ्याचदा कोपरे चौकोनी येतात. जे लोक ‘आमच्याकडे हा त्रास नाहीच’ असे ठामपणे सांगतात त्यातले काही जण तिथे काम करत असतात.

रजिस्ट्रीतली एखादी नोंद बदलून किंवा uDWM.dll या सिस्टिम फाइलमध्ये फेरफार करणारे हत्यार चालवून गोलाई कायमची घालवा, असे सांगणारेही आहेत. चित्राचे चार कोपरे सुधारायला सगळा पडदा रचणाऱ्या भागात हात घालणे मला पटत नाही. अपडेटने ती फाइल बदलली की केलेले काम पुसले जाते, आणि कार्यालयाच्या संगणकावर तसे करण्याची परवानगीही नसते.

ज्यांना गोल कोपरेच हवे आहेत, आणि तेही कोणत्याही पार्श्वभूमीवर चालणारे, त्यांच्यासाठी जुनी, सुंदर युक्ती आहे. एअरोशॉट नावाचे छोटे हत्यार ती विंडोज सेव्हनच्या काळात वापरत असे, शेअरएक्समधली पारदर्शकतेसह विंडो टिपण्याची सोयही तीच वापरते. विंडोच्या मागे एकदा पांढरा पडदा धरून चित्र घ्यायचे, एकदा काळा. विंडोचा भरीव भाग दोन्हींत सारखा येतो. पूर्ण रिकामा भाग एकात २५५, दुसऱ्यात शून्य. मघाचा निम्मा झाकलेला पिक्सेल पांढऱ्यावर २४९ येतो, काळ्यावर १२१. फरक १२८, म्हणजे मागचे निम्मे दिसते आहे, म्हणजे पिक्सेल निम्मा भरीव आहे. १२१ ला त्या प्रमाणाने भागले की मूळ रंग २४३ परत मिळतो. सावलीसुद्धा याच हिशेबाने अर्धपारदर्शक होऊन येते. अट अशी की दोन चित्रांमध्ये विंडोत काही हलता कामा नये. लुकलुकणारा कर्सर किंवा चालू व्हिडिओ असेल तर त्या जागी भोके पडतात. आणि मागचे धूसर दिसू देणारे अॅक्रिलिक मेनू अर्धवट पारदर्शक होतात.

कच्ची फाइल पडद्यावरून उचललेलीच असेल आणि तरी गोलाई हवी असेल, तर मुखवटा लावून कोपरे पुन्हा कापता येतात. १००० बाय ६४० आणि त्रिज्या १० साठी कमांड प्रॉम्प्टमध्ये अशी ओळ लागते:

```
magick in.png -alpha set ( +clone -alpha transparent -fill white -draw "roundrectangle 0,0 999,639 10,10" ) -compose DstIn -composite out.png
```

यात कडेवर जुन्या पार्श्वभूमीचा अंश किंचित राहतो, म्हणून चित्र घेतानाच मागे फिकट, एकरंगी विंडो ठेवलेली बरी. हा दुसऱ्या क्रमांकाचा उपाय आहे, हे मान्य करूनच तो वापरावा.

राहिला एक पक्ष, ज्याच्याकडे कोणी बोट दाखवत नाही: सॉफ्टवेअर बनवणारे. पुस्तिका आणि प्रोग्राम एकाच छपराखाली तयार होत असतील, तर पुस्तिकेसाठी दिलेल्या आवृत्तीत गोलाई बंद करणे हे प्रोग्रामरचे दोन ओळींचे काम आहे. विंडोज ११ मध्ये त्यासाठी अधिकृत सोय आहे:

```
int v = 1;  // DWMWCP_DONOTROUND
DwmSetWindowAttribute(hwnd, 33, &v, sizeof(v));
```

पुढच्या आवृत्तीची पुस्तिका तुमच्याकडे आली, की चित्रे घ्यायला बसण्याआधी त्यांच्याकडून एवढे मागून घ्या.